कर्ज फिटलं, ॲप काढून टाकलं, तरी माहिती त्यांच्याकडेच: खातं कायमचं बंद करायला अर्ज कसा करायचा?

पाऊलवाट | 2 फेब्रुवारी 2026, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण पहिल्यापासून सांगते.

माझ्या धाकट्या भावाने ऑगस्ट 2021 मध्ये मोबाइलवरच्या एका कर्जाच्या ॲपवरून 25,000 रुपये घेतले होते. बाबांचं ऑपरेशन होतं आणि मेडिक्लेमचे पैसे यायला वेळ लागत होता. बारा हप्त्यांत ते फेडले. जानेवारी 2024 मध्ये त्याच ॲपवरून पुन्हा 40,000 घेतले, तेही जानेवारी 2025 मध्ये संपले. एकही हप्ता चुकला नाही. दोन्ही कर्जांच्या एनओसी घरात फाइलला लावलेल्या आहेत.

त्यानंतर त्याने ॲप काढून टाकलं आणि विषय संपला असं आम्ही धरून चाललो. पण 'तुमच्यासाठी 75,000 मंजूर' असे मेसेज आठवड्यातून दोन-तीनदा येतच राहिले. तेही सोडून दिलं असतं. दोन आठवड्यांपूर्वी मात्र तसाच मेसेज माझ्या नंबरवर आला आणि त्यात भावाचं नाव होतं. मी त्या ॲपवर आयुष्यात कधी गेलेले नाही. भावाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, 2021 मध्ये ॲप सुरू करताना कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागितली होती आणि त्याने दिली होती. त्याच्या फोनमध्ये आईचा, माझ्या सासूबाईंचा, त्याच्या कारखान्यातल्या साहेबांचा, सगळ्यांचे नंबर आहेत. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्याने ॲप पुन्हा टाकलं, आत Delete account सापडलं, ते दाबलं. 'विनंती मिळाली' असं आलं. आज बारा दिवस झाले, तोच नंबर आणि ओटीपी टाकला की खातं जसंच्या तसं उघडतं, जुन्या कर्जांसकट. कस्टमर केअरची मुलगी म्हणते, 'सर, डिॲक्टिव्हेट झालंय.'

आता लेखी अर्ज करायचाय. कुणाला करायचा, काय मागायचं आणि त्यांनी नाही म्हटलं तर पुढे काय? कुणी केलंय का हे?

---

तिखटमीठ | 2 फेब्रुवारी, रात्री 10:05

ताई, एवढी काळजी करू नका. नवीन डेटा संरक्षण कायदा आलाय, त्यात माहिती पुसून घ्यायचा हक्क सरळ दिलाय आणि दंड 250 कोटींपर्यंत आहे. मेलमध्ये त्या कायद्याचं नाव टाका, दोन दिवसांत पळत येतील.

---

दूरदेशी | 3 फेब्रुवारी, पहाटे 1:20

मी जर्मनीत आहे. इथे मी एका जिमचं ॲप आणि एका फर्निचरच्या दुकानाचं खातं असं दोन्ही बंद करून घेतलं. युरोपच्या कायद्यातलं कलम 17 लिहायचं, त्यांना एका महिन्यात उत्तर द्यावंच लागतं. एकाने तर चौथ्याच दिवशी दिलं. तुम्हीही तेच कलम लिहून पाठवा. मोठ्या कंपन्यांना ते माहीत असतं.

एक मात्र करा. पुसायला सांगण्याआधी 'माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे' ही यादी मागा. आधी पुसायला सांगितलं की काय होतं नि काय नव्हतं, हे कधीच कळत नाही.

---

हिशेबनीस | 3 फेब्रुवारी, सकाळी 8:15

मी ठाण्यात एका फायनान्स कंपनीच्या तक्रार विभागात नऊ वर्षं काढली, आता त्या क्षेत्रात नाही. असे अर्ज मी पलीकडच्या टेबलावर बसून वाचले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

तिखटमीठ, तुमचं अर्धं बरोबर आहे. 2023 च्या कायद्यात पुसून घेण्याचा हक्क आहे, दंडाची वरची मर्यादाही तुम्ही म्हणता तीच आहे. पण त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत. माहिती पुसण्याचा भाग 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 च्या मध्याला लागू होईल. आज त्या कलमावर अर्ज केला तर कंपनीचा वकील एका ओळीत उत्तर देतो, 'सदर तरतूद अद्याप अंमलात आलेली नाही.' आणि तुमची मूळ मागणी बाजूला पडते.

दूरदेशी, तुमचं कलम युरोपातल्या लोकांसाठी उत्तम आहे. इथली कंपनी, इथला ग्राहक, इथलं कर्ज, त्याला ते लागत नाही. पण आधी यादी मागण्याचा सल्ला अगदी योग्य आहे, तो मी माझ्या मसुद्यात घेतोय.

आता हाताशी काय आहे ते. कर्जाच्या ॲपसाठी रिझर्व्ह बँकेचे वेगळे नियम आहेत. पहिले 2 सप्टेंबर 2022 ला आले, मग 8 मे 2025 ला सगळे एकत्र करून नवे निर्देश काढले. त्यांत कर्जदाराला चार गोष्टी दिल्या आहेत: विशिष्ट माहिती वापरायला नकार देणं, तिसऱ्याला द्यायला मनाई करणं, आधी दिलेली संमती मागे घेणं आणि ॲपकडून माहिती पुसून घेणं. शिवाय ॲपने फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्ट, कॉल लॉग, फोटो-फाइली यांना हात लावायचाच नाही असंही त्यात आहे. कॅमेरा, माइक, लोकेशन फक्त केवायसीपुरतं, एकदाच, विचारून. तुमच्या भावाने परवानगी दिली 2021 मध्ये, म्हणजे या नियमांच्या आधी. तेव्हा घेतलेली यादी आजही ठेवायचं कारण त्यांना दाखवता येणार नाही. अर्जाचा जोर तिथे द्या.

आणि एक कळीची गोष्ट. ॲप म्हणजे सावकार नव्हे. ॲप हा मधला माणूस, पैसे देते मागची एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेली फायनान्स कंपनी, किंवा बँक. रिझर्व्ह बँकेला जबाबदार ती एनबीएफसी. ॲपच्या सपोर्टला शंभर मेल करा, ते तिकीट नंबर देत राहतील. एनबीएफसीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल गेला की त्याची नोंद होते आणि 30 दिवसांचं घड्याळ सुरू होतं. तेव्हा आधी कागद काढा. 2024 च्या कर्जाचं 'की फॅक्ट स्टेटमेंट' असेल, त्यात कर्ज देणाऱ्याचं नाव आणि तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता असतो. 2021 च्या कर्जासाठी करारनाम्याचं पहिलं पान बघा.

---

गोदाकाठ | 3 फेब्रुवारी, सकाळी 11:30

माझाही हाच प्रश्न आहे. माझं एक कर्ज 2020 मध्ये थकलं होतं, नंतर तडजोड करून मिटवलं. सिबिलमध्ये अजून 'सेटल्ड' दिसतं, त्यामुळे घरकर्ज अडलंय. हाच अर्ज करून ती नोंद पुसून घेता येईल का? मसुदा द्या साहेब.

---

हिशेबनीस | 3 फेब्रुवारी, दुपारी 1:10

गोदाकाठ, तुमचा प्रश्न वेगळा आहे आणि मी खोटी आशा दाखवणार नाही. पतसंस्थांची नोंद, म्हणजे सिबिलसारख्या कंपन्यांकडची, कमीत कमी सात वर्षं ठेवायचा नियम आहे आणि ती खरी असेल तर अर्जाने पुसली जात नाही. चुकीची असेल तर दुरुस्त होते. तक्रार करून 30 दिवस उलटले तर दिवसाला 100 रुपये भरपाईही मिळते. तुमचं कर्ज खरंच तडजोडीने मिटलंय, म्हणजे नोंद खरी आहे. उरलेली रक्कम भरून 'क्लोज्ड' करून देतात का, हे त्या बँकेशी बोला. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथे लिहितो.

(वर 'पतसंस्था' लिहिलं ते चुकलं, क्रेडिट ब्युरो म्हणायचं होतं. आपल्याकडे पतसंस्था म्हणजे वेगळंच.)

---

निळीशाई | 3 फेब्रुवारी, दुपारी 3:45

माझा अनुभव कर्जाचा नाही, लग्न जुळवणाऱ्या साइटचा आहे, पण सांगावंसं वाटतं. लग्न ठरल्यावर मी प्रोफाइल 'लपवलं'. दीड वर्षाने नवऱ्याच्या मामेभावाला माझं स्थळ सुचवलं गेलं, फोटोसकट. सासरी त्यावरून जे बोलणं झालं, ते मी इथे लिहू शकत नाही.

मी आधी सपोर्टच्या चॅटवर तीन वेळा सांगितलं. प्रत्येक वेळी नवीन माणूस, पहिल्यापासून तीच गोष्ट. शेवटी साइटच्या तळाशी बारीक अक्षरांत तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल सापडला, त्यावर लिहिलं, नोंदवलेल्या ईमेलवरूनच. लपवणं, डिॲक्टिव्हेट करणं आणि पुसणं हे तीन वेगळे शब्द आहेत आणि मला तिसरा हवाय, असं स्पष्ट लिहिलं. बारा दिवसांत प्रोफाइल गेलं. पण फोटो शोधात आणखी काही आठवडे दिसत होता, त्यासाठी गूगलला वेगळी विनंती करावी लागली.

पाऊलवाट ताई, चॅटवर वेळ घालवू नका एवढंच.

---

पाऊलवाट | 4 फेब्रुवारी, रात्री 10:20

सगळ्यांचे आभार. काल रात्री भावासोबत फाइल घेऊन बसले. हिशेबनीस काका, तुम्ही म्हणालात म्हणून पहिलं पान बघितलं आणि चक्रावले. 2021 चं कर्ज एका एनबीएफसीचं आहे आणि 2024 चं दुसऱ्याच. ॲप तेच, रंग तेच, हप्त्याचा मेसेजही तसाच. भावाला आजपर्यंत वाटत होतं की दोन्ही एकाच कंपनीचं आहे.

दुसरं म्हणजे बँकेच्या नेटबँकिंगमध्ये सहज बघितलं, तर 2024 च्या कर्जाचं ई-मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायची परवानगी, अजून 'ॲक्टिव्ह' दिसतंय! कर्ज संपून वर्ष झालं. हे आधी रद्द करायचं की खातं बंद झालं की आपोआप जाईल?

---

हिशेबनीस | 5 फेब्रुवारी, सकाळी 7:50

आधी रद्द करा, आजच. मँडेट बँकेकडे नोंदवलेलं असतं, ॲपचं खातं गेलं म्हणून ते जात नाही. नेटबँकिंगमध्ये रद्द करायची सोय नसेल तर शाखेत अर्ज द्या आणि पोच घ्या.

आणि खातं बंद करायला सांगण्याआधी ॲपमधून उतरवून घ्यायच्या गोष्टी: दोन्ही कर्जांचं पूर्ण स्टेटमेंट, एनओसी, करारनामा. एकदा लॉगिन गेलं की हे कागद मिळवायला पुन्हा त्यांच्याच दारात जावं लागतं. क्रेडिट ब्युरोचा अहवालही काढून बघा. वर्षातून एकदा फुकट मिळतो. दोन्ही कर्जं 'क्लोज्ड' आणि बाकी शून्य दिसली पाहिजे. एखादं चालू दिसत असेल तर ते आधी नीट करून घ्या, नाहीतर कंपनी म्हणेल की खातं चालू आहे, बंद कसं करणार.

दोन एनबीएफसी आहेत म्हणजे दोन मेल. ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला दोन्हींची प्रत. एकाच मेलमध्ये दोघांना घातलं की दोघेही समजतात, दुसरा बघेल.

मसुदा देतो. प्रत्यक्ष पाठवताना इंग्रजीत पाठवा म्हणजे पुढे सरकायला वेळ लागत नाही. इथे मराठीत लिहितो, म्हणजे कोणतं वाक्य कशासाठी आहे ते कळेल.

*विषय: कर्ज खाते क्र. (…): संमती मागे घेणे, ॲपवरील खाते कायमचे बंद करणे आणि वैयक्तिक माहिती पुसणे याबाबत तक्रार*

*महोदय, मी आपला माजी कर्जदार आहे. वरील कर्ज दिनांक (…) रोजी पूर्ण फेडले असून आपली एनओसी सोबत जोडली आहे. आपल्या वतीने (ॲपचे नाव) यांच्याकडे माझे खाते या नोंदणीकृत मोबाइल क्रमांकावर आहे.*

*माझ्याकडून आजवर घेतलेली कोणती माहिती आपल्याकडे, ॲपकडे आणि आपण ज्यांना दिली त्यांच्याकडे आहे, हे मला लेखी कळवावे. माझ्या फोनमधून घेतलेली संपर्क यादी, एसएमएस, लोकेशन आणि फोटो-फाइली यांसाठी दिलेली संमती मी आजपासून मागे घेत आहे. ती माहिती आपण, ॲपने आणि वसुली वा जाहिरातीसाठी ज्यांना दिली त्या सर्वांनी पुसावी. जाहिरात आणि नवीन कर्जाच्या ऑफरसाठीची संमतीही मागे घेत आहे.*

*ॲपवरील खाते केवळ निष्क्रिय न करता कायमचे बंद करावे आणि बंद केल्याची तारीख कळवावी. कायद्यामुळे जी माहिती ठेवणे आपल्याला भाग आहे तिची यादी, कोणत्या कायद्याखाली ठेवत आहात ते आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे कळवावे. हा अर्ज रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक निर्देशांनुसार आहे. 30 दिवसांत उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करीन.*

शेवटचा परिच्छेद सगळ्यांत महत्त्वाचा. 'सगळं पुसा' एवढंच लिहिलं की कंपनी 'कायद्याने शक्य नाही' म्हणून संपूर्ण अर्ज परत करते, आणि त्यात तिचं थोडं खरंही असतं. मनी लाँडरिंगविरोधी कायद्याने ओळखीची कागदपत्रं, नाते संपल्यावर किंवा खाते बंद झाल्यावर, यातलं जे नंतर असेल त्यानंतर पाच वर्षं ठेवावी लागतात. म्हणून आधार, पॅन, करारनामा, हप्त्यांच्या नोंदी आज जाणार नाहीत. पण सासूबाईंचा फोन नंबर त्या कायद्यात कुठेच बसत नाही. काय राहणार ते तुम्ही स्वतःच मान्य केलंत की बाकीचं न पुसण्याचं कारण कंपनीला द्यावं लागतं.

ओळख पटवायला ते पुन्हा आधारची प्रत मागतील. नोंदवलेल्या ईमेलवरून लिहिलंय आणि नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी घ्या, एवढं कळवा. फारच अडले तर शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. माहिती पुसायला सांगताना नवीन कागद त्यांच्या हातात देणं बरोबर नाही.

---

पाऊलवाट | 5 फेब्रुवारी, दुपारी 2:05

काका, डोळे भरून आले वाचताना. भाऊ तर म्हणाला हे छापून ठेवू.

एक प्रश्न. माझं काय? माझा नंबर त्यांच्याकडे आहे, पण मी त्यांची ग्राहक नाही. मी कोणत्या नात्याने लिहू?

---

हिशेबनीस | 5 फेब्रुवारी, संध्याकाळी 6:30

इथे मी ठामपणे बोलू शकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत हे हक्क कर्जदाराच्या नावाने लिहिले आहेत. त्यामुळे तुमचा नंबर काढायची मागणी भावाच्या अर्जातूनच करावी, 'संपर्क यादी' म्हटलं की त्यात तुम्ही आलात. तुम्ही वेगळा मेल करा, हरकत नाही, मेसेजचा स्क्रीनशॉट आणि तारीख जोडून. माझ्या काळात असे मेल आम्ही जाहिरातीच्या यादीतून नंबर काढून बंद करायचो. पण मूळ फाइलमधून नंबर गेला का, हे तेव्हा कुणी तपासत नव्हतं. आज तपासतात का, ते मी सांगू शकणार नाही.

---

तिखटमीठ | 5 फेब्रुवारी, रात्री 9:15

हिशेबनीस, पहिल्या प्रतिसादातली चूक मान्य. पण एक शंका. तुम्ही म्हणालात नाते संपल्यावर किंवा खाते बंद झाल्यावर, जे नंतर असेल त्यापासून पाच वर्षं. ताईंच्या भावाचं कर्ज जानेवारी 2025 मध्ये संपलं, पण ॲपचं खातं तर आज चालू आहे. मग पाच वर्षं मोजायची कुठून?

---

हिशेबनीस | 6 फेब्रुवारी, सकाळी 8:40

चांगला प्रश्न, आणि म्हणूनच मी 'बंद केल्याची तारीख कळवावी' असं वाक्य घातलंय. माझ्या मते एनबीएफसीचं नातं कर्जापुरतं. जानेवारी 2025 ला कर्ज खातं बंद झालं, म्हणजे कागद जानेवारी 2030 पर्यंत. पहिल्या कर्जाचे ऑगस्ट 2027 पर्यंत. पण ॲपचं खातं उघडं असताना कंपनी म्हणू शकते की ग्राहक अजून आमच्याशी जोडलेला आहे. ते खातं 2028 पर्यंत तसंच राहिलं तर त्यांना हवं तितकं लांबवायला जागा मिळते. तारीख लेखी मिळाली की ही जागा उरत नाही.

---

सह्यकडा | 6 फेब्रुवारी, दुपारी 12:50

मी सर्व्हरच्या बाजूने सांगतो, अशा कंपन्यांत बॅकएंडचं काम केलंय. काकांच्या माहितीला एकच आक्षेप: तारीख मिळाली म्हणजे माहिती गेली असं नाही. बऱ्याच ठिकाणी Delete account दाबल्यावर टेबलमधल्या एका रकान्यात 'बंद' अशी खूण होते, बाकी ओळ तशीच. ताईंच्या भावाचं खातं बारा दिवसांनी जुन्या कर्जांसकट उघडतंय, त्यावरून मला तर वाटतं की खूणही झालेली नाही, विनंती कुठल्यातरी रांगेत पडून आहे.

बाहेरून कळायच्या दोन खुणा सांगतो. उत्तर आल्यावर तोच नंबर टाकून बघा. नवीन ग्राहक म्हणून नाव, पॅन पहिल्यापासून विचारलं तर लॉगिनचा भाग तरी गेला. 'पुन्हा स्वागत आहे' आलं तर काहीच गेलेलं नाही. ओटीपी आल्यावर पुढच्या अटी मात्र स्वीकारू नका, नाहीतर नवीन खातं तयार होईल. दुसरी खूण, भावाच्या आणि तुमच्या नंबरवर त्याच नावाने ऑफरचा मेसेज येतो का. आला तर जाहिरातीची यादी वेगळ्या कंपनीकडे आहे आणि तिला कुणी कळवलेलं नाही.

बॅकअपमधून कधी जातं हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

आणखी एक. प्ले स्टोअरवर त्या ॲपच्या पानावर Data safety मध्ये माहिती पुसायची वेबलिंक असते. खातं उघडू देणाऱ्या ॲपला ती द्यावीच लागते. ॲप फोनमध्ये नसतानाही तिथून विनंती करता येते. तीही करा, पण तिच्यावर विसंबू नका, स्क्रीनशॉट घेऊन मेलला जोडा.

---

दूरदेशी | 6 फेब्रुवारी, दुपारी 3:30

इथे मी कॉपी मागितली तेव्हा फर्निचरवाल्यांनी मला एक झिप फाइल पाठवली होती. त्यात 2017 पासूनचे माझे सगळे जुने पत्ते होते, जे मी स्वतः विसरलो होतो. तिकडे भारतात अशी फाइल देतात का?

---

हिशेबनीस | 6 फेब्रुवारी, संध्याकाळी 5:00

नव्या कायद्यात माहितीचा गोषवारा मागायचा हक्क आहे, पण तोही 2027 च्याच टप्प्यात. आज मागितलं तर यादी मिळते, फाइल क्वचित. मागायला हरकत नाही.

---

पाऊलवाट | 8 फेब्रुवारी, रात्री 11:10

मेल गेले. दोन एनबीएफसींना दोन, ॲपला प्रती. भावाने त्याच्या नोंदणीकृत ईमेलवरून पाठवले, मी शेजारी बसले होते. मँडेट काल शाखेत जाऊन रद्द केलं, पोच घेतली. क्रेडिट रिपोर्टमध्ये दोन्ही कर्जं 'क्लोज्ड' आहेत.

स्टेटमेंट उतरवताना एक गोष्ट दिसली. ॲपमध्ये 'माझी माहिती' नावाच्या पानावर 'संदर्भ व्यक्ती' असं एक कलम आहे, त्यात माझं नाव आणि नंबर, नातं 'बहीण'. भावाला असं काही भरल्याचं आठवत नाही. त्या पानाचा स्क्रीनशॉट दोन्ही मेलना जोडला.

---

पाऊलवाट | 26 फेब्रुवारी, सकाळी 9:30

अपडेट देते. 2024 च्या कर्जाच्या एनबीएफसीकडून परवा उत्तर आलं. पहिलं उत्तर मध्ये 14 तारखेला आलं होतं, 'खाते डिॲक्टिव्हेट करण्यात आले आहे' एवढंच. निळीशाई, तुमचे तीन शब्द आठवले. भावाने त्याच मेलला उत्तर देऊन लिहिलं की माझी मागणी निष्क्रिय करण्याची नाही, मूळ अर्जातल्या चारही गोष्टींचं उत्तर द्या. त्यावर परवाचं पत्र आलं.

त्यात लिहिलंय: ॲपवरचं खातं 21 फेब्रुवारी 2026 ला बंद केलं. संपर्क यादी आणि संदर्भ व्यक्तीची माहिती ॲपच्या सर्व्हरवरून काढली. जाहिरातीची संमती मागे घेतल्याची नोंद केली. केवायसी, करारनामा आणि हप्त्यांच्या नोंदी मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली जानेवारी 2030 पर्यंत ठेवणार. म्हणजे तिखटमीठ यांच्या शंकेवर त्यांनी काकांच्याच बाजूने मोजलंय. पण वसुली एजन्सीला काय दिलं होतं आणि तिने पुसलं का, यावर एक अक्षर नाही.

सह्यकडा दादा, नंबर टाकून बघितला. ओटीपीनंतर पॅन विचारलं, नाव आलं नाही. तिथेच थांबलो.

2021 वाल्या एनबीएफसीकडून मात्र काही नाही. पोचही नाही. ज्या कंपनीच्या काळात कॉन्टॅक्ट्स घेतले तीच गप्प आहे, याचं मला जास्त वाईट वाटतं. 10 मार्चला 30 दिवस होतायत.

---

हिशेबनीस | 26 फेब्रुवारी, सकाळी 11:45

2024 वाल्या कंपनीचं उत्तर चांगलंच आहे, जपून ठेवा. एजन्सीबद्दल एका ओळीचा मेल पुन्हा करा, त्याच साखळीत.

2021 वालीसाठी 10 मार्च उलटू द्या, मग cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार. तिथे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचं नाव निवडावं लागतं, त्यात ॲपचं नाव शोधत बसू नका, एनबीएफसीचं निवडा. ॲपच्या नावाने केलेल्या तक्रारी 'आमच्या कक्षेत नाही' म्हणून परत येतात. मूळ मेल तारखेसकट, एनओसी, संदर्भ व्यक्तीच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि तुम्हाला आलेला मेसेज एवढं जोडा. काय मागताय ते एका वाक्यात लिहा, पुसल्याचं लेखी उत्तर. भरपाई मागायची असेल तर त्रासाचं वेगळं लिहा, दोन्ही एकत्र करू नका.

---

गोदाकाठ | 26 फेब्रुवारी, दुपारी 1:20

माझा वेगळा धागा काढलाय साहेब, बँकेने उरलेली रक्कम भरायला सांगितलीय पण लेखी देत नाहीत. तिकडे या.

---

निळीशाई | 26 फेब्रुवारी, दुपारी 4:00

ताई, तुमच्या नंबरवर पुन्हा मेसेज आला का?

---

पाऊलवाट | 26 फेब्रुवारी, रात्री 10:35

21 तारखेनंतर एकही नाही. आईच्या फोनवर मात्र काल एक आला, दुसऱ्याच नावाने, पण लिंक त्याच ॲपची वाटते. स्क्रीनशॉट घेतलाय. हा 2021 वाल्यांकडून गेलेला नंबर आहे की एजन्सीकडून, हे कसं ओळखायचं? सह्यकडा दादा, मेसेज पाठवणाऱ्याच्या सहा अक्षरी नावावरून काही कळतं का?

---

सह्यकडा | 26 फेब्रुवारी, रात्री 11:20

कळू शकतं, ते नाव कुठल्यातरी कंपनीच्या नावे नोंदवलेलं असतं. अक्षरं आणि मेसेजची वेळ इथे टाका, आईंचा नंबर झाकून. उद्या बघतो.